शुक्रवारच्या दोन तासांचं भाडं

*"आमच्या महिला भजनी मंडळानं पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटसाठी 24 सीटची मिनी बस ठरवली. दर किलोमीटरला 32 रुपये. 22 नावं आली, प्रत्येकी 1,800 घेतले. शुक्रवारी रात्री 10 ला निघालो, सोमवारी पहाटे 2 ला परत आलो. निघायच्या आदल्या दिवशी तिघींनी नाव काढलं, आता पैसे परत मागतात. दोघी शनिवारी सोलापुरात माहेरी उतरल्या आणि रविवारी तिथूनच चढल्या. त्या म्हणतात, खोलीचे देणार नाही, गाडीचेही कमी करा. एकीचा नऊ वर्षांचा मुलगा, त्याचे अर्धेच घ्या म्हणते. भाडं 38,400, ड्रायव्हर भत्ता चार दिवसांचा 2,000, टोल 1,930, पार्किंग 350. तुळजापुरात 17 जणांना पाच खोल्या घेतल्या, त्यांचे 4,250. मीटरवर मात्र 846 किलोमीटरच झालेत. 7,330 कमी पडतात. ट्रॅव्हल्सवाल्याला 20,000 इसार दिलाय, बाकी द्यायचे आहेत. कुणाकडून किती घेऊ?"*
*— एक खजिनदार, शहापूर, बेळगाव*

ताई, अजून कुणाच्या दारात पैसे मागायला जाऊ नका. आधी ट्रॅव्हल्सवाल्याकडे जायचं आहे. तुमची तूट मंडळात झालेली नाही, ती त्याच्या बिलाच्या पहिल्या ओळीत आहे.

846 किलोमीटरला 32 रुपयांनी 27,072 होतात. त्यानं 38,400 लावले, म्हणजे 1,200 किलोमीटरचे. गाडी भाड्यानं देणारे जवळपास सगळेच 'रोज किमान इतके किलोमीटर' ही अट घालतात. तुमच्या गाडीला ती रोज 300 ची आहे. गाडी 100 किलोमीटर फिरली तरी 300 चे पैसे, 350 फिरली तर 350 चे. यात फसवणूक नाही. तुळजापुरात गाडी दिवसभर उभी असली तरी मालकाचा हप्ता, विमा आणि टॅक्स थांबत नाही, आणि त्या दिवशी ती गाडी दुसऱ्या कुणाला देताही येत नाही.

खरा घोळ 'दिवस' या शब्दात आहे. तुम्ही मोजलंत शुक्रवार रात्र ते रविवार रात्र, म्हणजे दोन दिवस आणि वर थोडं. त्यानं मोजलं कॅलेंडरप्रमाणे, मध्यरात्री 12 ते पुढच्या मध्यरात्री 12. शुक्रवारी तुम्ही 12 वाजायच्या आधी दोन तास गाडीत होतात, तो एक दिवस. शनिवार आणि रविवार हे दोन. सोमवारी 12 नंतर दोन तास, तो चौथा. असे चार दिवस झाले, गुणिले 300, म्हणून 1,200. भत्ताही त्याच मोजणीनं चार दिवसांचा लागला. एकूण 52 तासांच्या प्रवासात दोन्ही टोकांच्या दोन-दोन तासांनी दोन अख्खे दिवस आणले.

गाडी ठरवताना जी चिठ्ठी किंवा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज आला असेल तो काढून बघा. त्यात 'रात्री 12 ते रात्री 12' असं लिहिलेलं असेल तर मालकाचं बरोबर आहे, मग फक्त विनंती करता येईल. नुसतं 'रोज 300 किलोमीटर' असेल, किंवा फक्त तोंडी बोलणं झालं असेल, तर बोलायला भरपूर जागा आहे आणि बाकी रक्कमही अजून तुमच्याच हातात आहे. मालकाला शांतपणे एवढंच विचारा की शुक्रवारी दिवसभर ही गाडी कुठे होती. लग्नसराईत किंवा सुट्टीच्या दिवसांत बहुतेक गाड्या दिवसा एक भाडं मारून रात्री दुसऱ्या भाड्याला निघतात. तसं झालं असेल तर शुक्रवारचा अख्खा दिवस तुमच्या डोक्यावर टाकणं बरोबर नाही. ड्रायव्हरकडच्या ड्युटी स्लिपवर सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर रीडिंग, तारीख आणि वेळ लिहिलेली असते. तिचा फोटो मागून घ्या.

मी तुमच्या जागी असते तर दोन दिवस कमी करा म्हटलं नसतं. त्या ड्रायव्हरनं दोन्ही टोकांना रात्री गाडी चालवली आहे. पण एक दिवस नक्की मागितला असता. एक दिवस गेला की भाड्यातले 9,600 आणि भत्त्यातले 500, मिळून 10,100 कमी होतात. सगळा खर्च 36,830 वर येतो, आणि तुम्ही गोळा केलेत 39,600. तूट तर राहत नाहीच, उलट 2,770 उरतात. म्हणून म्हटलं, आधी तिकडे जा.

आता तो अजिबात ऐकत नाही असं धरून वाटणी करू.

इथे दोन वेगळे खर्च आहेत आणि ते एका पिशवीत घातले की भांडण होतं. एक गाडीचा खर्च: भाडं, भत्ता, टोल, पार्किंग. तो सीटवर वाटायचा, कारण कुणी बसलं काय किंवा नाही काय, गाडी तेवढीच धावते आणि टोलनाक्यावर तेवढाच टोल कापला जातो. दुसरा राहण्याचा. तो जो झोपला त्याचा. तुमच्या गाडीचा खर्च 42,680 झाला. भागायचं 22 नावांनी, 24 सीटनी नाही. त्या दोन रिकाम्या सीटचा कुणी मालक नाही, त्यांचा भार 22 जणींवरच पडतो. सीटला बरोबर 1,940 आले. खोल्यांचे 4,250 भागिले 17, माणशी 250.

सोलापूरच्या दोघींचं अर्धं बरोबर आहे. खोल्या तुम्ही तुळजापुरात पोचल्यावर, डोकी मोजून, 17 जणांसाठीच घेतल्यात. त्यांच्यासाठी एकही खाट अडवलेली नव्हती, मग 250 कशाचे? हेच आधी फोन करून 19 जणांचं बुकिंग झालं असतं आणि त्या सोलापुरात उतरताना 'आम्ही येत नाही' म्हणाल्या असत्या, तर मी त्यांच्याकडून खोलीचे घ्या म्हटलं असतं. पण गाडीचे कमी करता येणार नाहीत. त्या उतरल्या तरी त्यांची सीट सोलापूर ते तुळजापूर आणि परत रिकामीच गेली, तिथे वाटेत दुसरं कुणी बसणार नव्हतं. त्यांचे 1,940.

नऊ वर्षांच्या मुलाला सरकारी बसमध्ये अर्धं तिकीट लागतं, म्हणून त्याच्या आईच्या मनात तो हिशेब आहे. पण तिथे उरलेल्या अर्ध्याचा भार महामंडळ सोसतं. इथे तो शेजारच्या बाईवर पडेल. मुलगा मांडीवर बसला असता तर सीटचं काही घेतलं नसतं. तो अख्ख्या सीटवर बसला, अख्खी सीट. खोलीत मात्र एखादं लहान मूल आईच्याच अंथरुणात झोपलं असेल तर ते 250 सोडायला माझी हरकत नाही. तो निर्णय मंडळानं घ्यावा, खजिनदारानं एकटीनं घेऊ नये. सोडले तर उरलेल्या 16 जणींना खोलीचे साधारण 266 येतील.

राहता राहिल्या त्या तिघी. आदल्या दिवशी नाव काढलं तेव्हा इसार गेलेला होता, गाडी 24 सीटचीच ठरलेली होती. 19 माणसं 17 सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावत नाहीत, म्हणजे गाडी लहानही करता आली नसती. दुसऱ्या कुणाला विचारायला एक रात्रसुद्धा उरली नव्हती. त्यामुळे त्यांच्या सीटचे पैसे खर्च झालेत, ते परत मिळणार नाहीत. त्यांनी भरलेले 1,800 गाडीत गेले. सीटला 1,940 आले म्हणून वरचे 140 मागायला मात्र जाऊ नका. 1,800 हा आकडा तुम्ही सांगितला होता. रात्री 10 ला निघायचं ठरवण्यात त्यांचा हात नव्हता, आणि वर काय वाढलं ते गेलेल्यांच्या प्रवासामुळे वाढलं. तिघींचे मिळून ते 420 होतात, ते गेलेल्या 19 जणींत वाटले की प्रत्येकी 22 रुपये पडतात.

म्हणजे तुळजापुरात राहिलेल्या 17 जणींनी आणखी 412 द्यायचे: सीटचे 140, खोलीचे 250 आणि हे 22. सोलापूरच्या दोघींनी 162. बेरीज 7,328 होते, दोन रुपये मंडळाच्या डब्यातून घाला. मालकानं एक दिवस सोडला तर हाच हिशेब उलटा लावा. सीट 1,481 वर येते, मग राहिलेल्यांना 69 परत, सोलापूरच्या दोघींना 319 परत, आणि न आलेल्या तिघींनाही 319 परत. हे शेवटचं विसरू नका. खर्च वाढला तेव्हा त्यांची सीट धरली, तर कमी झाला तेव्हाही धरायलाच हवी.

त्या तिघींत कुणाच्या घरी सुतक पडलं असेल तर मनाला लागतं, हे मला कळतं. सुतकात देवदर्शन होत नाही, ती बाई स्वतःच्या मर्जीनं थांबलेली नसते. अशा वेळी मंडळाकडे शिल्लक असेल तर बैठकीत ठरवून तिला काही रक्कम द्यावी आणि वहीत 'मंडळाकडून' म्हणून वेगळी लिहावी. पण तो बोजा इतर प्रवाशांच्या सीटवर टाकू नये.

आता ड्रायव्हरच्या भत्त्याबद्दल. तुमच्या पत्रात तो टोल आणि पार्किंगच्या मध्ये कुठेतरी आलाय, पण मला त्यावर थांबायचं आहे. भत्ता, ज्याला आपल्याकडे बरेच जण कन्नडसारखं 'बाटा' म्हणतात, तो ड्रायव्हरच्या बाहेरच्या जेवणखाण्याचा पैसा आहे. अक्कलकोटला अन्नछत्रात तुमच्याबरोबर जेवला म्हणून त्यातून कापायचं नसतं. तो मालकाच्या बिलातून जाणार असेल तर ड्रायव्हरला हळूच विचारून घ्यावं की तुला मिळतो ना. पुढच्या वेळी तर रोजच्या रोज त्याच्याच हातात द्यायचा आणि मालकाच्या बिलातून वजा करून घ्यायचा, असं गाडी ठरवतानाच बोलून घ्या.

आणि त्याची झोप. तुमचा ड्रायव्हर शुक्रवारी रात्रभर जागा होता, शनिवारी पंढरपूर ते तुळजापूर चालवत गेला, आणि रविवारी अक्कलकोटहून निघून पहाटे 2 पर्यंत परत. मधल्या एका रात्री तो कुठे झोपला, हे तुमच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. पाच खोल्यांत 17 माणसं, म्हणजे बहुतेक गाडीतच. मोटर वाहतूक कामगारांचा 1961 चा कायदा दिवसाला आठ तास काम सांगायचा, लांबच्या मार्गावर फार तर दहा.

आमच्या गल्लीच्या गाणगापूर यात्रेत मीही हेच केलं होतं. खोल्या मोजल्या, ड्रायव्हरला मोजलं नाही. डास चावतात म्हणून बिचारा काचा लावून मागच्या लांब सीटवर आडवा झाला होता, उकाड्यानं पहाटेपर्यंत कूस बदलत राहिला. परतताना विजापूर, जमखंडी, मुधोळ करत येत होतो. बाकी सगळे झोपले होते, मी पुढच्या सीटवर जपमाळ घेऊन बसले होते. यरगट्टीच्या अलीकडे वरच्या आरशात मला त्याची मान खाली जाताना दिसली. मी ओरडले तोवर डावी चाकं कडेच्या मुरमावर उतरली होती. गाडी थांबली, कुणाला काही झालं नाही. एका बंद चहाटपरीपुढे गाडी लावून आम्ही त्याला उजाडेपर्यंत झोपू दिलं. त्या यात्रेत ड्रायव्हरच्या खाटेचे आम्ही किती वाचवले होते ते मी सांगत नाही, सांगायला लाज वाटते. तेव्हापासून मुक्कामाला पोचलं की पहिली खाट ड्रायव्हरची घेते, मग आमच्या खोल्या. तो खर्च सीटवर वाटायचा, राहणाऱ्यांवर नाही. कारण तो सगळ्यांना घेऊन येतो, सोलापुरात उतरलेल्यांनाही.

टोलचे 1,930 खरे की खोटे हे बघायला फार त्रास नाही. फास्टॅगमधून पैसे कापले की मालकाच्या मोबाइलवर मेसेज येतो, आणि त्याच्या खात्याच्या उताऱ्यात प्रत्येक नाक्याचं नाव, तारीख आणि वेळ असते. शुक्रवार रात्र ते सोमवार पहाट एवढाच भाग मागा. एक गोष्ट नीट बघा. टॅगमध्ये पैसे नसले किंवा टॅग बंद असला तर नाक्यावर जादा टोल घेतात. तसं कुठे झालं असेल तर वरचे पैसे मालकाचे, तुमचे नाहीत. पार्किंगच्या पावत्या ड्रायव्हरकडे असतात. 350 साठी मी भांडणार नाही, पण पुढच्या वेळी पार्किंग जागच्या जागी तुमच्या पिशवीतून द्या आणि पावती वहीत टाचून ठेवा.

पुढची यात्रा ठरवाल तेव्हा शनिवारी पहाटे 4 ला निघा. दहा-अकराच्या सुमाराला पंढरपूर, दर्शन, तिथेच मुक्काम. रविवारी तुळजापूर करून संध्याकाळी अक्कलकोटला मुक्काम, सोमवारी सकाळी स्वामींचं दर्शन घेऊन निघालात की दिवेलागणीपर्यंत घरी. दिवस तीन, किमान 900 किलोमीटर, याच दरानं भाडं 28,800. आता दिलं त्यापेक्षा 9,600 कमी. मुक्काम एक वाढेल, त्याचे याच हिशेबानं साडेचार-पाच हजार धरा, तरीही पैसे वाचतात आणि ड्रायव्हरला दोन रात्री झोप मिळते. फक्त एकादशीच्या आसपास जाऊ नका. खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग, आणि गाड्या गावाबाहेर लांब थांबवतात, म्हाताऱ्या बायकांना तेवढं चालवत नाही.

गाडी ठरवताना चार गोष्टी मेसेजवर लिहून घ्या: दिवस कसा मोजणार, किलोमीटर आपल्या दारापासून की गाडीच्या शेडपासून, भत्ता रोजचा किती आणि रात्रीचा वेगळा आहे का, आणि महाराष्ट्राचा टॅक्स दरात आहे का. आपल्या सीमाभागात हे शेवटचं विशेष महत्त्वाचं. कर्नाटक पासिंगची गाडी सोलापूर जिल्ह्यात न्यायची तर तिच्याकडे ऑल इंडिया टूरिस्ट परमिट हवं, नाहीतर या फेरीपुरतं वेगळं परमिट काढावं लागतं आणि त्याचे पैसे तुमच्या बिलात येतात. ऑल इंडिया परमिट असेल तर 'बॉर्डर टॅक्स' म्हणून वेगळी ओळ यायचं कारण नाही. आणि स्वस्त मिळते म्हणून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कधी घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच बघते.

पैसे गोळा करताना 22 नावं असली तरी 20 नी भागून आकडा सांगा. तुमच्या या बिलात तो गाडीचे 2,134 आणि खोलीचे 250 असा निघाला असता. दोघी गळाल्या तरी यात्रा तुटीत जात नाही, आणि कुणी गळालं नाही तर परत आल्यावर प्रत्येकीच्या हातात थोडे पैसे ठेवता येतात. नाव काढायची शेवटची तारीख इसार द्यायच्या आदल्या दिवशीची ठेवा. त्यानंतर नाव काढलं तर बदली माणूस तिनं आणायचा, तो आला की तिचे सगळे पैसे परत.

मालकाकडे एकट्या जाऊ नका, मंडळातल्या आणखी एकीला सोबत न्या. तो एक दिवस सोडायला तयार झाला तर तिथेच जुन्या बिलावर नवा आकडा लिहून त्याची सही घ्या आणि मगच बाकी द्या. इसार वजा करून ती 12,580 निघेल, कारण पार्किंगचे 350 त्याच्याच बिलात आहेत. ते तुम्ही वाटेत रोख दिले असतील तर तेवढे आणखी वजा करा.